पब्लिशिंगच्या क्यूमध्ये सर्किट ब्रेकर आला कुठून

घरातला एमसीबी पडला की आपण काय करतो, आधी इस्त्री नाहीतर गिझर काढतो, मग तो वर करून बघतो आणि परत पडला तर तसाच ठेवतो. सॉफ्टवेअरमधल्या सर्किट ब्रेकरचं नाव आणि कल्पना दोन्ही तिथूनच आलीत. मायकल नायगार्डच्या २००७ च्या 'रिलीज इट!' या पुस्तकात हा पॅटर्न नीट मांडलेला आहे आणि तिथून तो सगळीकडे गेला. त्याच्या तीन अवस्था असतात. क्लोज्ड म्हणजे काम नेहमीसारखं चालू. ओपन म्हणजे समोरची सर्व्हिस सारखी फेल होतेय, तर तिला कॉल करायचाच नाही. हाफ-ओपन म्हणजे थोडा वेळ थांबून एकच कॉल सोडून बघायचा. यात नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण दुकान ओपन म्हणजे चालू पण सर्किट ओपन म्हणजे बंद :)

मग २०१२ मध्ये नेटफ्लिक्सने हाच पॅटर्न असलेली आपली हिस्ट्रिक्स लायब्ररी ओपन सोर्स केली आणि बऱ्याच जणांनी तेच आकडे उचलले. तिचा डीफॉल्ट हिशोब असा की दहा सेकंदांत किमान २० कॉल झाले पाहिजेत आणि त्यातले निम्मे फेल झाले तर ब्रेकर उघडतो, पाच सेकंदांनी परत एक कॉल करून बघतो. सेकंदाला शेकडो कॉल येणाऱ्या सर्व्हिसला हे बरोबर आहे, पण फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या प्लॅटफॉर्मवर शेड्यूल केलेल्या पोस्ट पब्लिश करणारी सिस्टिम दहा मिनिटाला एक पोस्ट टाकते, तिथे दहा सेकंदांत २० कॉल होणार कधी? सगळेच्या सगळे फेल झाले तरी ब्रेकर ढिम्म. म्हणून पब्लिशिंगमध्ये टक्केवारीपेक्षा सलग किती वेळा फेल झालं हे मोजणं बरं पडतं, आणि तेही प्रत्येक प्लॅटफॉर्मचं वेगळं, नाहीतर एकाच्या आजारपणात बाकीचे पण उपाशी.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते का, आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सगळं गेलं आणि जवळपास सहा तास गेलंच होतं. समजा त्या रात्री एखाद्या पेजच्या शेड्यूलमध्ये दर दहा मिनिटाला एक याप्रमाणे ३६ पोस्ट होत्या आणि फेल झालेली प्रत्येक पोस्ट दर मिनिटाला परत ट्राय होत होती. पहिली पोस्ट ३६० वेळा आपटणार, दुसरी ३५०, असं करत शेवटची १०, बेरीज ६,६६० प्रयत्न. आता सलग पाच फेल झाल्यावर ब्रेकर उघडला आणि दर पाच मिनिटाला एकच चाचणी केली तर ७५ च्या आसपास प्रयत्नांत भागतं, लॉगमध्ये एकच ओळ दिसते:

```
platform=facebook state=OPEN failures=5 next_probe=300s
```

पण माझ्या मते खरी अडचण इथून पुढे आहे आणि ती मूळ पॅटर्नमध्ये नव्हतीच. वेबसाइटच्या कॉलला ब्रेकरने नाही म्हटलं की वापरणाऱ्याला एरर दिसतो आणि तो कॉल तिथेच संपतो. पोस्ट मात्र संपत नाही, ती क्यूमध्ये बसून राहते, आणि पहाटे तीनला प्लॅटफॉर्म परत आला की ब्रेकर क्लोज्ड होऊन ३६ च्या ३६ पोस्ट एका दमात बाहेर पडतात. समोरून `429` यायला लागतात, म्हणजे जरा दमानं घ्या, आणि ब्रेकर परत उघडतो. त्यामुळे ब्रेकर क्लोज्ड झाल्यावर क्यू हळूहळू सोडायची, मिनिटाला एक-दोन, आणि प्रत्येक पोस्टला मुदत द्यायची, 'आज रात्री ९:३० ला लाइव्ह' ही पोस्ट पहाटे तीनला टाकून कुणाचं भलं होणार आहे?

कुठल्या एररवर मोजायचं हेही ठरवून ठेवा. `503` म्हणजे समोरची सर्व्हिसच सध्या बंद, तो आणि टाइमआउट मोजा. `401` म्हणजे टोकन संपलंय, `400` म्हणजे पोस्टमध्येच काहीतरी चुकलंय, त्यावर ब्रेकर पाडला तर एका खराब पोस्टपायी बाकीच्या अडकतात. `429` सोबत `Retry-After` आला तर तेवढं थांबा, आपला पाच मिनिटांचा नियम बाजूला ठेवा.

टाइमआउट मात्र फसवा असतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ पोस्ट पडली नाही असा होत नाही, कधीकधी ती पडलेली असते, फक्त पोचपावती हरवलेली असते आणि परत ट्राय केलं की तीच पोस्ट पेजवर दोनदा दिसते. म्हणून परत टाकण्याआधी पेजवरच्या शेवटच्या पोस्ट वाचून बघायच्या. हाफ-ओपनमधली चाचणी मात्र असं नुसतं वाचून करू नका, कारण वाचायचे कॉल चालू आणि लिहायचे बंद असंही होतं, तिथे क्यूमधली मुदत न संपलेली सगळ्यात जुनी पोस्टच पुढे पाठवायची.