गाजरगवत: पुण्यातली नोंद, गव्हाचं जहाज आणि मेक्सिकन भुंगा

गाजरासारखी पानं, वर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखी पांढरी फुलं. ही वनस्पती मूळची मेक्सिकोच्या आखाताभोवतालची. आपल्याकडे तिला काँग्रेस गवत म्हणतात, चटक चांदणीही म्हणतात. खरं तर हे गवत नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातलं रोप आहे.

धान्यमदतीच्या पीएल-४८० करारातल्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आलं, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. पण तारखा जुळवून पाहाव्यात. पुण्यात ते १९५५ मध्ये दिसलं आणि भारताचा तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. शिवाय एकोणिसाव्या शतकातले त्याचे वाळवलेले नमुनेही भारतातल्या संग्रहांत सापडले आहेत. म्हणजे बी आधीपासून इथं होतं. आयात धान्यानं त्यात भर घातली असेल, पण सगळा दोष त्या एका कराराच्या माथी मारता येत नाही.

पुढचा प्रवास मात्र आपणच घडवला. एका बोंडात जेमतेम पाच बिया, पण एका झाडावर बोंडं इतकी की बियांचा आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फूल येतं. वाळू-मुरुमाचे ट्रक, टायरला चिकटलेला चिखल, कालव्याचं पाणी आणि शेणखत यांतून बी रस्त्याकडेनं सरकत जातं. उकरलेली, मोकळी जमीन मिळाली की ते पहिलं ठाण मांडतं.

माळरानावर त्याचा खरा तडाखा बसतो. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईत चांगलं गवत संपतं आणि हे उरतं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या गवताचं बी उगवू देत नाही. माणसाच्या कातडीला खाज आणि चट्टे येतात ते याच द्रव्यामुळे.

उपायांत सर्वांत रोचक मेक्सिकन भुंग्याचा. हा पट्टेरी भुंगा १९८४ मध्ये बंगळूरु परिसरात सोडला. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्यावर मोठं काहूर उठलं. तपासात लक्षात आलं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते आणि ते त्याला खुणावत होते. त्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. कोरड्या दिवसांत तो मातीत झोपी जातो, त्यामुळे पाण्यावर वाढणारं हिवाळ्यातलं गाजरगवत त्याच्या तावडीतून सुटतं.

म्हणून हातानं उपटणं सुटत नाही. ते फुलं येण्याआधी, ओल असताना आणि हातमोजे घालून करायचं. जमिनीलगत कापलं तर बुडातून पुन्हा फुटवे येतात. फुलावर आलेलं उपटून उकिरड्यात टाकलं, तर शेणखताबरोबर तेच बी शेतात परत येतं. पडीक जागी टाकळ्याचं बी फेकणं हा जुना, स्वस्त मार्ग आहे. टाकळा दाट वाढून गाजरगवताला सावलीत दाबतो, आणि त्याची कोवळी पानं भाजीलाही होतात.