‘ऑल रिस्क्स’ हे दोन शब्द विमा सर्टिफिकेटवर कुठून आले

मोझांबिकमधल्या नकाला बंदरातून न्हावाशेव्याला आलेला तुरीचा कंटेनर वाशीच्या गोदामात उघडला आणि वरच्या थरातल्या गोणी ओल्या निघाल्या, की आयातदार आधी सर्टिफिकेट काढून बघतो. त्यावर ‘ऑल रिस्क्स’ लिहिलेलं दिसलं की तो निश्चिंत होतो. पण या शब्दांचा अर्थ नेमका किती पुरतो हे जवळपास पावणेतीनशे वर्षांच्या भांडणांतून ठरत आलं आहे. सर्टिफिकेटच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली जवळपास प्रत्येक ओळ त्या भांडणांतूनच आली आहे.

लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने 1779 मध्ये पॉलिसीचा एक ठरावीक मसुदा स्वीकारला. त्यात समुद्राचे धोके, आग, शत्रू, चाचे, चोर अशी यादी होती आणि शेवटी ‘इतर सर्व धोके’ असे शब्द होते. न्यायालयांनी या शेवटच्या शब्दांचा अर्थ आवळून धरला: इतर म्हणजे यादीतल्यांसारखेच, वाटेल ते नव्हेत. धान्यवाल्यांची स्थिती तर आणखी वाईट होती. 1749 पासून पॉलिसीला जोडल्या जाणाऱ्या एका टिपेनुसार धान्य, मासे, मीठ, फळं, पीठ आणि बियाणं यांच्या अंशतः नुकसानीची भरपाई मिळत नसे. अपवाद दोनच होते, जहाज रुतणं आणि सामायिक हानी, म्हणजे जहाज आणि बाकी माल वाचवायला मुद्दाम सोसलेलं आणि सगळ्यांत वाटलं जाणारं नुकसान. हा माल प्रवासात आपसूकच खराब होतो, त्यामुळे कुठलं नुकसान अपघाताचं आणि कुठलं मालाच्या स्वभावाचं हे वेगळं काढता येणार नाही, असं विमेदारांचं, म्हणजे विमा देणाऱ्यांचं, म्हणणं होतं. तुरीच्या गोणीबद्दल आजही हाच प्रश्न विचारला जातो.

‘ऑल रिस्क्स’चा अर्थ पक्का झाला तो 1921 मध्ये, ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या गाँट खटल्यात. पॅटागोनियातली लोकर वाटेत कुठेतरी ओली झाली होती. कुठे आणि कशी हे मालकाला नेमकं सांगता येईना. लॉर्डांचा निकाल असा: ‘ऑल रिस्क्स’ असेल तर मालकाने अपघाताचं नेमकं कारण दाखवायची गरज नाही, नुकसान नेहमीच्या प्रवासात होणारं नाही आणि काहीतरी आगंतुक घडलं एवढं दाखवणं पुरे. पण त्याच निकालात दुसरी बाजूही स्पष्ट झाली. विमा जोखमीचा असतो, खात्रीने होणाऱ्या गोष्टीचा नव्हे. आज सर्टिफिकेटवर जे ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए’ असतं, म्हणजे मालाच्या विम्याच्या ठरावीक अटींचा ‘ए’ संच, ते 1982 मध्ये आलं आणि 2009 मध्ये सुधारलं गेलं. तेही याच पायावर उभं आहे: पहिल्या कलमात सगळे धोके सामावून घेतलेले आहेत आणि कलम 4 ते 7 मध्ये काय वगळलं ते सांगितलं आहे.

तुरीच्या बाबतीत यातली तीन वगळणी नेहमी आडवी येतात. पहिली म्हणजे वजनातली नेहमीची घट. भरताना 25,000 किलो असलेला माल वाशीत 24,900 भरला, तर ती सुकीची घट आहे, दाव्यात धरली जात नाही. दुसरी म्हणजे मालाचा अंगभूत दोष. भरतानाच ओलावा जास्त असेल, तर माल गरम होतो, वाफ छताला लागते आणि थेंब होऊन वरच्या गोणींवर पडते. हा दोष मालाचा, अपघात नव्हे, असं विमेदार म्हणतो. तिसरी म्हणजे उशीर. जहाज तीन आठवडे उशिरा आलं आणि तोवर तुरीचा भाव पडला, तर ते नुकसान विम्यात नाही. उशिराचं मूळ कारण विम्यातल्याच धोक्याचं असलं तरीही नाही. युद्ध आणि संप ही वगळणीसुद्धा आहेत, पण त्यांचं कवच वेगळ्या क्लॉजने परत विकत घेता येतं.

आता वरच्या ओल्या गोणींकडे वळू. कारण पाहायला नुकसान तपासणारा सर्वेअर कंटेनरची दारं आतून बंद करून अंधारात छत बघतो. कुठे उजेडाचा ठिपका दिसला, तर भोक आहे. मग ओल्या गोणीवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. पांढरा दुधट साका बसला, तर क्लोराइड आहे, म्हणजे बहुधा समुद्राचं पाणी. साका नाही, पण छताला भोक आहे, तर पाऊस. दोन्ही नाहीत आणि ओल छताच्या पन्हळींच्या रेषेत सारखी पसरली आहे, तर संशय वाफेवर जातो. अशा वेळी भरताना दिलेलं ओलाव्याचं प्रमाणपत्र कामी येतं. ते आयातदाराने विक्रेत्याकडून आधीच मागून ठेवलेलं असावं.

समजा, छताला भोक निघालं, 50 किलोच्या 500 गोणींपैकी 60 ओल्या आहेत. सीआयएफ मूल्य, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडं मिळून, 20 लाख रुपये, विमा रिवाजाप्रमाणे 110 टक्क्यांवर, म्हणजे 22 लाखांचा. किलोमागे 88 रुपये झाले. 3,000 किलोंची विमा रक्कम 2,64,000. चांगल्या तुरीचा भाव 90 रुपये आणि ओली तूर 36 रुपयांनी गेली, तर घट 60 टक्के. दावा 1,58,400 रुपयांचा होतो. ही टक्केवारी विमा रकमेवर लावली जाते, बाजारभावातल्या फरकावर नाही, आणि इथे बरेच आयातदार चुकतात.

पण सर्टिफिकेट ‘ए’चं होतं का? हे खरेदी करतानाच विचारायला हवं. इन्कोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांप्रमाणे सीआयएफ सौद्यात विक्रेत्याने सगळ्यात कमी कवचाच्या ‘सी’ क्लॉजचा विमा दिला तरी त्याचं कर्तव्य पूर्ण होतं. ‘सी’मध्ये आग, बुडणं, टक्कर, उलटणं असे मोजकेच धोके आहेत. कंटेनरमध्ये शिरलेलं पाणी त्यात नाही. ‘बी’मध्ये समुद्राचं, नदीचं आणि तळ्याचं पाणी आहे, पावसाचं नाही. करारात ‘ए’ असं स्पष्ट लिहून घेतलं नसेल, तर वरचे 1,58,400 आयातदाराच्याच खिशातून जातात.

सर्टिफिकेटवर दावेदाराची जी कर्तव्यं छापलेली असतात, त्यांचा इतिहास वेगळा आहे. 1924 च्या हेग नियमांनी जहाज कंपनीची जबाबदारी ठरवली. वरून न दिसणारं नुकसान डिलिव्हरीपासून तीन दिवसांत लेखी कळवायचं आणि दावा एका वर्षात कोर्टात न्यायचा. विमेदार पैसे देतो तेव्हा आयातदाराचे जहाज कंपनीविरुद्धचे हक्क त्याच्याकडे जातात. म्हणून ते शाबूत ठेवायची जबाबदारी त्याने आयातदारावर टाकली. तीन दिवस चुकले तर दावा मरत नाही, पण माल नीट उतरला असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं आयातदारावर पडतं. वर्ष उलटलं तर जहाज कंपनीविरुद्धचा हक्कच संपतो. विमेदार मग स्वतःच्या झालेल्या तोट्याकडे बोट दाखवून वाद घालू शकतो.

म्हणून कंटेनर गेटवर आला की आधी सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगशी, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याच्या कागदाशी, जुळवायचा. सील तुटलेलं किंवा बदललेलं असेल, तर डिलिव्हरीच्या पावतीवर तसा शेरा लिहायचा आणि ते सील जपून ठेवायचं. शंका असताना कोरी पावती देऊ नये. हमालांनी गोणी उतरवायच्या आधी फोटो काढायचे. ओल दिसताच काम थांबवून सर्टिफिकेटवर नाव असलेल्या सर्वे एजंटला आणि जहाज कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवायचं. सर्वे होईपर्यंत ओल्या गोणी फेकू नयेत, पण कोरड्या गोणींपासून वेगळ्या ठेवून वाळवायला हव्यात. नुकसान वाढू न देणं हेही क्लॉजमधलं कर्तव्यच आहे आणि त्याचा वाजवी खर्च विमेदार देतो.

कवच किती दिवस चालतं तेही पाहून ठेवावं. जहाजातून माल उतरल्यानंतर 60 दिवस ही वरची मर्यादा आहे. त्याआधी माल वाशीच्या गोदामात उतरून झाला, तर कवच तिथेच संपतं. भाव चढेल म्हणून माल कंटेनरमध्येच साठवून ठेवला, तर नेहमीचा प्रवास संपला असं मानलं जातं आणि 60 दिवस पुरे होण्याची वाट पाहिली जात नाही.

दावा लांबत चालला असेल, तर वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी जहाज कंपनीकडून मुदतवाढ लेखी मागून घ्यावी. त्या पत्राची आणि आलेल्या उत्तराची प्रत विमेदाराकडे पाठवावी.