3YE: टँकरच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर

टोलनाक्याच्या रांगेत पेट्रोलच्या टँकरमागे उभं राहायची वेळ आली की समोर एक चौकट दिसते. खाली चिखलाचे शिंतोडे, शेजारी लिंबू-मिरची, वर कुठेतरी ‘हॉर्न ओके प्लीज’. त्या चौकटीत तिरक्या चौकोनात ज्वाळेचं चित्र असलेलं लाल लेबल असतं, 1203 हा आकडा असतो, मालाचं नाव आणि एक-दोन फोन नंबर असतात आणि कुठेतरी 3YE अशी तीन अक्षरं असतात. मागच्या गाडीतल्या माणसाला यातलं लाल लेबल तेवढं कळतं. बाकीचं कळत नाही, कारण ते त्याच्यासाठी लिहिलेलंच नाही. ते आग विझवायला येणाऱ्यांसाठी आहे. पण त्यातलं शेवटचं E मात्र तुमच्याआमच्याबद्दल आहे.

ही पाटी एकाच माणसाने बसून ठरवलेली नाही. तिचे तुकडे तीन ठिकाणांहून आले आहेत. सगळ्यात जुना तुकडा आकड्याचा आणि लेबलाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर रसायनांचा व्यापार वाढला आणि एकाच मालाला प्रत्येक बंदरात वेगळं नाव, वेगळं लेबल अशी परिस्थिती झाली. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी तज्ज्ञ समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिच्या पहिल्या शिफारशी छापून आल्या. माल नऊ वर्गांत विभागायचा आणि प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक द्यायचा, ही पद्धत याच शिफारशींतून घडत गेली. 1203 म्हणजे पेट्रोल, मग टँकर कुठल्याही देशातला असो. तिरका चौकोनही तिथलाच. लाल म्हणजे पेटणारं, कवटी म्हणजे विषारी, निळा म्हणजे पाण्याशी संपर्क आला की पेटणारा वायू सोडणारं, पिवळा म्हणजे आगीला प्राणवायू पुरवणारं, वर पांढरा आणि खाली काळा म्हणजे कातडी आणि धातू खाणारं. अक्षर न वाचता नुसत्या रंगावरून ओळख पटावी, हा त्यामागचा हेतू होता.

दुसरा तुकडा ब्रिटिश. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या अग्निशमन दलासमोर साधी अडचण होती. टँकर उलटलाय, आत काय आहे ते कळलं, पण म्हणून पहिल्या पाच मिनिटांत करायचं काय? रसायनाचं नाव कळून फौजदाराला काही उपयोग नाही आणि बंबावरच्या जवानाजवळ रसायनशास्त्राचं पुस्तक नसतं. म्हणून त्यांनी ‘काय आहे’ हे सांगणं सोडलं आणि ‘काय करा’ ते सांगणारा कोड बनवला. त्याला हॅझकेम म्हणतात. १९७८च्या नियमांनी तो ब्रिटनमधल्या टँकरांवर सक्तीचा झाला. युरोपातल्या बाकीच्या देशांनी वेगळी वाट धरली. तिथे नारिंगी पाटीवर वर धोक्याचा आकडा आणि खाली पदार्थाचा क्रमांक असतो. पेट्रोलसाठी वर 33, खाली 1203. ती पाटी धोका सांगते, ब्रिटिश पाटी हुकूम देते. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत रुजली.

आता 3YE सोडवून बघू. पहिला आकडा आगीवर काय मारायचं ते सांगतो: १ म्हणजे जाड फवारा, २ म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडं काहीतरी, पाणी अजिबात नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, नुसतं पाणी मारलं तर जळतं पेट्रोल त्यावर बसून पुढे जाईल, म्हणून ३. मधलं Y हे अक्षर एकाच वेळी तीन गोष्टी सांगतं: स्फोटासारखं काही होऊ शकतं, जवानांनी श्वसनयंत्र लावावं, आणि सांडलेला माल पाणी मारून गटारात वाहवू नये, अडवून धरावा. आणि शेवटचं E. ते असेल तर आजूबाजूच्या लोकांना हलवायचा विचार करा. प्रत्येक टँकरवर ते नसतं. ज्या मालाचा त्रास रस्त्यापलीकडच्या माणसालाही होऊ शकतो, त्यालाच ते लावतात. म्हणजे पाटीवरची बाकीची अक्षरं बंबासाठी आहेत, E तुमच्यासाठी.

तिसरा तुकडा आपला, आणि त्याच्यामागे भोपाळ आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री गॅस सुटला तो कारखान्यातून, रस्त्यावरून नाही. पण शेजारच्या वस्तीला आत काय आहे हे माहीत नव्हतं, ही गोष्ट सगळ्यांना झोंबली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले आणि त्याच वर्षी १ जुलैला नवा मोटार वाहन कायदा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम लागू झाले. त्यातले १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाचे आहेत. १३४वा नियम म्हणतो की आपत्कालीन माहितीची पाटी तीन जागी हवी, दोन्ही बाजूंना आणि मागे. लेबल किमान २५० मिलिमीटर चौरस, क्रमांकाचे अंक किमान १०० मिलिमीटर उंच, मालाचं नाव आणि फोन नंबर किमान ५० मिलिमीटर उंच. चालकाने तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घ्यावं आणि त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी, असंही नियमात आहे. मागून येणाऱ्यांच्या भाषेबद्दल मात्र नियम गप्प आहे, आणि पाट्या बहुधा इंग्रजीतच असतात.

या मापांचा हिशोब करून बघा. रस्त्यावरच्या पाट्यांचा ढोबळ ठोकताळा असा की २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर साधारण १२ मीटरवरून वाचता येतं. म्हणजे ५० मिलिमीटरचं नाव २४ मीटरवरून. ताशी ८० किलोमीटरने चालणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. टँकरवर काय लिहिलंय ते वाचायला गेलात, तर तुम्ही त्याच्यापासून जेमतेम एका सेकंदावर असता, आणि एवढ्या वेळात पाय ब्रेकवर पोचतही नाही. म्हणून चालत्या रस्त्यावर अक्षरं वाचायची नाहीत. लेबल लांबून दिसतं. रंग दिसला की अंतर वाढवायचं, निदान चार सेकंद. कुतूहल टोलनाक्यासाठी राखून ठेवा.

अंतर वाढवायचं ते टँकर पुढे फुटेल म्हणून नाही. रोजचं कारण वेगळं आहे. आतला द्रव हलतो. आत आडवे पडदे असले तरी अर्धवट भरलेल्या टाकीत ब्रेक मारल्यावर द्रव पुढे लोटतो आणि वळणावर बाजूला सरकतो. त्यामुळे टँकर भरलेल्या मालट्रकपेक्षाही सहज कलंडतो. घाटात त्याला ओव्हरटेक करून लगेच समोर घुसणारी कार त्याला जोरात ब्रेक मारायला लावते, आणि मग वळण व ब्रेक दोन्ही एकदम येतात. बोरघाटात हे रोज दिसतं, आणि घुसणाऱ्याला आरशात काही दिसत नसतं.

दुसरं कारण मागच्या टोकाला असतं. २० डिसेंबर २०२४ला पहाटे जयपूरजवळ भांकरोटा इथे अजमेर महामार्गावर एलपीजीचा टँकर यू-टर्न घेत असताना दुसऱ्या ट्रकने त्याला धडक दिली. धडक गॅस सोडायच्या तोट्यांच्या जागी बसली. टाकी फुटली नव्हती, तोट्या तुटल्या होत्या. गॅस बाहेर पडला, रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. तीसहून अधिक वाहनं जळाली, त्यांतली बहुतेक टँकरला धडकलेली नव्हती, नुसती आसपास होती.

इथे काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं. असा टँकर साधारण १८ टनांचा असतो आणि द्रव एलपीजीचा गॅस झाला की त्याचं आकारमान अडीचशे पट किंवा त्याहून अधिक होतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराने वाहतो, खड्ड्यात, नाल्यात आणि पुलाखालच्या रस्त्यात साठतो. बाहेर पडताना तो इतका थंड असतो की हवेतल्या ओलाव्याचं पांढरं धुकं होतं. ते धुकं म्हणजे गॅस नव्हे, आणि पेटण्याजोगा गॅस धुक्याच्या कडेपलीकडेही असू शकतो. हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी ठिणगी पुरते. ती ठिणगी कोण देतं? बहुतेक वेळा रांगेत उभ्या गाडीचा स्टार्टर, नाहीतर चालू इंजिन.

म्हणून पांढरं धुकं दिसलं किंवा घरच्या सिलिंडरचा ओळखीचा वास आला, तर गाडी वळवून पळायचा विचार करू नका. धुकं तुमच्यापर्यंत आलेलं नसेल आणि मागे जागा असेल तरच मागे फिरा. गॅस आसपास असेल तर इंजिन बंद करा, ते पुन्हा सुरू करू नका. गाडी तिथेच सोडा आणि चालत निघा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि चढाकडे. धूळ किंवा झाडाची पानं कुठे हलतायत ते बघितलं की वारा कळतो. उतार सोपा वाटतो, पण गॅसही तिकडेच जातो. किती लांब? उत्तर अमेरिकेतल्या आपत्कालीन हातपुस्तिकेत एलपीजीच्या गळतीला सगळ्या बाजूंनी निदान १०० मीटर आणि मोठ्या गळतीला वाऱ्याच्या दिशेने ८०० मीटर दिले आहेत. टाकीच आगीत सापडली असेल तर १६०० मीटर. बाहेरून तापलेली टाकी आतल्या दाबाने अचानक फाटू शकते, आणि त्याआधी सूचना मिळेल याची खात्री नाही. सुरक्षा झडपेचा शिट्टीसारखा आवाज वाढत गेला तर तिथून आणखी लांब जायचं.

पोचल्यावर ११२ला फोन करा आणि रस्ता, दिशा, किलोमीटरचा दगड सांगा. पाटीवरचा आकडा फोनच्या कॅमेऱ्याने लांबून मोठा करून टिपता आला तर तोही सांगा. बंबाला तो नावापेक्षा उपयोगी पडतो, कारण फोनवर ‘मिथेन’, ‘मिथेनॉल’ ऐकू येण्यात गोंधळ होतो, मिथेनॉलच्या 1230 या आकड्यात होत नाही. तो आकडा टिपायला एक पाऊल पुढे टाकावं लागणार असेल तर सोडून द्या.

पेट्रोलच्या टँकरचा धोका वेगळ्या प्रकारचा. २५ जून २०१७ला पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे उलटलेल्या टँकरमधून सांडलेलं पेट्रोल गोळा करायला लोक जमले, ते पेटलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असते. चपलेखाली जमीन कोरडी दिसली तरी घोट्याएवढ्या उंचीवर ती असते.

कोड न वाचता येणाऱ्यांना एक गोष्ट हमखास चुकवते. माल रिकामा करून परतणाऱ्या टँकरवरही तीच पाटी असते, आणि चालक खिडकीतून हात हलवून ‘रिकामा आहे, रिकामा’ म्हणून सांगतो. पेट्रोलने भरलेल्या टाकीत हवेला फारशी जागा नसते. रिकाम्या, न धुतलेल्या टाकीत तळाशी थोडं पेट्रोल, वर वाफ आणि हवा असते, आणि वाफ व हवेचं मिश्रण ठिणगीला जास्त तयार असतं. म्हणून टाकी धुऊन वायुमुक्त होईपर्यंत पाटी काढायची नाही, असा जगभरचा रिवाज आहे. परतीच्या वाटेवर त्याच्या मागे उभे असाल, तर 3YE अजून तितकंच खरं असतं.