ग्रेपफ्रूटच्या रसाने गोळीची मात्रा कशी वाढते?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर मध्यंतरी एक मेसेज फिरत होता. ‘बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सर्व आंबट फळे तात्काळ बंद करावीत.’ आमच्या शेजारच्या काकांनी तो वाचून मोसंबी सोडली आणि वरणावर लिंबू पिळणंही थांबवलं. “डॉक्टरांनी तर काहीच सांगितलं नव्हतं ओ,” असं म्हणत ते मला विचारायला आले. मेसेजमध्ये सत्याचा एक तुकडा आहे, पण त्याचा संबंध आंबटपणाशी नाही. तो ग्रेपफ्रूट या पपनसाच्या जातकुळीतल्या फळाशी आणि आपल्या आतड्याच्या भिंतीतल्या एका विकराशी आहे.

ही गोष्ट उघडकीस आली ती जवळजवळ अपघाताने. कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. दारू घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही वेळी रस दिलेला होता, आणि दोन्ही वेळी रक्तातलं फेलोडिपिन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. 1989 साली ही नोंद प्रसिद्ध झाली. 1991 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा स्वतंत्र अभ्यास आला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं.

असं का होतं हे समजायचं तर गोळी गिळल्यापासून तिचा प्रवास बघावा लागतो. आपण समजतो की गोळी विरघळली की सगळं औषध रक्तात जातं. तसं नसतं. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये सीवायपी 3ए4 नावाचं विकर असतं. बाहेरून आलेल्या रसायनांना ऑक्सिजन जोडून त्यांची मोडतोड करणं हे त्याचं काम. त्यातून सुटलेलं औषध यकृतात जातं, आणि तिथेही हेच विकर मुबलक असतं. फेलोडिपिनचा ढोबळ हिशेब असा: 10 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर आतड्याची भिंत ओलांडून साधारण 3 मिलिग्रॅम पुढे जातं, यकृतात त्यातलं निम्मं संपतं, आणि शरीरभर फिरायला उरतं जेमतेम दीड मिलिग्रॅम. औषध बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. गोळीतलं प्रमाण ही घट धरूनच ठरवलेलं असतं.

आता समजा, आतड्यातलं विकर बऱ्याच अंशी निकामी झालं आणि 3 ऐवजी 6 मिलिग्रॅम भिंतीपलीकडे गेलं. यकृत नेहमीसारखंच निम्मं संपवेल, तरी उरतील 3 मिलिग्रॅम. गोळी तीच आणि वेळ तीच, पण शरीराला मात्रा दुप्पट मिळाली.

विकर निकामी होतं कसं, हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग. ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरानोकुमारिन गटातली रसायनं असतात. बर्गामोटिन आणि डायहायड्रॉक्सीबर्गामोटिन ही त्यातली प्रमुख. वरवर पाहता ती निरुपद्रवी असतात. विकराला ती इतर रसायनांसारखीच दिसतात, म्हणून ते त्यांना पकडतं आणि आपल्या गाभ्यातल्या लोहाच्या अणूच्या मदतीने त्यांच्यावर ऑक्सिजन चढवतं. हा ऑक्सिजन फ्युरान नावाच्या पाच अणूंच्या कड्यावर बसतो. कडं उघडतं आणि अत्यंत क्रियाशील असा रेणू तयार होतो. तो बाहेर पडण्याआधीच विकराच्या स्वतःच्या प्रथिनसाखळीला पक्क्या रासायनिक बंधाने चिकटतो. गुऱ्हाळावर मोळीतून चुकून दगड गेला तर चरक अडकतो, तसंच काहीसं हे आहे. फरक इतकाच की इथे आत गेला तो ऊसच होता, त्याचा दगड केला चरकानेच.

असा बंध पुन्हा सुटत नाही. अडकलेलं विकर पेशी मोडीत काढते. ग्रेपफ्रूटचा रस प्यायलेल्या स्वयंसेवकांच्या आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा सीवायपी 3ए4 प्रथिनाचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलेलं दिसलं. ते विकर बनवण्याचा संदेश नेणारा आरएनए मात्र होता तेवढाच होता. म्हणजे उत्पादन थांबलेलं नव्हतं, तयार झालेला माल नष्ट होत होता.

“गोळी सकाळी, रस संध्याकाळी” ही युक्ती चालत नाही ती यामुळेच. रस पोटातून केव्हाच निघून जातो, पण नवं विकर पुरेसं तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात. रोज एक पेला पिणाऱ्याच्या आतड्याला सावरायला उसंतच मिळत नाही. आणि त्यासाठी पिंपभर रस लागत नाही, साधारण 200 मिलिलिटरचा एक पेला पुरतो.

मग यकृतातलं विकर का वाचतं? फ्युरानोकुमारिनं बहुतेक आतड्याच्या भिंतीतच खर्ची पडतात, यकृतापर्यंत फारच थोडी पोचतात. याचा पुरावा सरळ आहे. तेच फेलोडिपिन शिरेतून दिलं, म्हणजे आतडं वगळलं, तर रस पिऊनही रक्तातली पातळी लक्षणीय बदलत नाही. आणखी एक खूण म्हणजे, रसाबरोबर गोळी घेतल्यावर रक्तातली कमाल पातळी चढते, पण औषध शरीरातून निघून जाण्याचा वेग साधारण तोच राहतो. यकृत मंदावलं असतं तर तोही मंदावला असता.

यावरून कोणती औषधं या तडाख्यात सापडतील याचा अंदाज बांधता येतो. ज्या गोळीचा मोठा भाग आतड्यातच या विकराकडून संपतो, तिला धोका जास्त. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन हे ठळक उदाहरण: त्याची पातळी रसाने कित्येक पट वाढू शकते, आणि मग स्नायू दुखणं, अशक्तपणा, लघवी गडद होणं अशा तक्रारी दिसल्या तर लगेच डॉक्टरांकडे जावं लागतं. कोलेस्टेरॉलचंच रोसुव्हास्टॅटिन मात्र या विकरावर फारसं अवलंबून नसल्याने त्याला फरक पडत नाही. आपल्याकडे रक्तदाबासाठी सर्रास दिलं जाणारं अ‍ॅम्लोडिपिन एरवीही बहुतांशी रक्तात पोचतंच, त्यामुळे वाढायला जागाच कमी. काकांची गोळी हीच होती.

परिणाम सगळ्यांत सारखा नसतो. ज्याच्या आतड्यात हे विकर मुळात भरपूर, त्याच्यात वाढ मोठी. ज्याच्यात कमी, त्याच्यात किरकोळ. त्यात फळाची जात आणि रसाचा दाटपणा यांनुसार फ्युरानोकुमारिनंही कमीजास्त. म्हणूनच “रस प्या आणि अर्धीच गोळी घ्या” असा सल्ला कुणी दिला तर तो धोकादायक आहे, मग तो ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून कितीही आवर्जून सांगितलेला असो. ग्रेपफ्रूटने चरबी वितळते म्हणून खोक्यातला आयात रस रोज पिणाऱ्यांनी तर आधी आपल्या गोळ्यांची यादी केमिस्टला दाखवावी.

मोसंबी, गोड संत्री यांत ही रसायनं नगण्य असतात आणि वरणावर पिळलेल्या लिंबाची काळजी करायचं कारण नाही. काकांना मी तेवढं सांगितलं आणि त्यांनी लिंबू पुन्हा सुरू केलं. लक्ष द्यायला हवं ते पपनसाकडे. ग्रेपफ्रूट हा मुळात कॅरिबियन बेटांवर झालेला पपनस आणि गोड संत्र्याचा संकर, आणि पपनसाच्या अनेक जातींत फ्युरानोकुमारिनं असतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाने पपनस खाल्ल्यावर, शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी चढल्याची नोंद आहे. हे औषध जास्त झालं तर नव्या मूत्रपिंडालाच इजा करतं. टॅक्रोलिमस किंवा त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन चालू असेल तर हंगामात बाजारातून आणलेलं पपनस घरातल्या इतरांनी खावं, रुग्णाच्या ताटात वाढू नये.