उलट भाषांतर (बंगाली प्रश्नावलीचे)

इंग्रजी सर्वेक्षण-प्रश्नावलीचा बंगाली मसुदा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजीत करून घेण्याची आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून अर्थ कुठे सरकला ते शोधण्याची पद्धत. ‘बॅक ट्रान्सलेशन’ हे तिचे रूढ नाव. बांगलादेश व पश्चिम बंगालमधील लोकसंख्या, आरोग्य व मानसशास्त्र या विषयांच्या सर्वेक्षणांत ती वापरली जाते.

पद्धतीचे जनकत्व सामान्यतः रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० मधील लेखाला दिले जाते. ग्वाम विद्यापीठातील दहा भाषांच्या ९४ द्वैभाषिकांकडून त्यांनी भाषांतरे व उलट भाषांतरे करवून घेतली होती. मात्र हे श्रेय काटेकोर नाही. आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांतील भाषांतराच्या अडचणींवर सुझन अर्विन व रॉबर्ट बॉवर यांनी १९५२ मध्येच लिहिले होते. १९७० मध्येच ऑसवल्ड वर्नर व डोनाल्ड कॅम्बेल यांनी ‘विकेंद्रीकरणा’ची कल्पना मांडली. तिच्यानुसार भाषांतर अडले, तर मूळ इंग्रजी प्रश्नही बदलावा. पद्धत आधीपासून वापरात होती आणि ब्रिस्लिन यांनी तिची कसोटी घेऊन तिला शिस्त लावली, असे मानणे अधिक योग्य. त्यांच्या लेखाचा एक भाग मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. कुशल भाषांतरकार सदोष मसुद्यातूनही नीट अर्थ काढून देतो आणि दोष झाकला जातो, हा इशारा त्यांनी स्वतःच दिला होता.

हा धोका एका प्रश्नावरून कळतो. ‘तुमच्या घरात सहसा किती माणसे राहतात?’ हा घरगणतीचा प्रश्न. यातले ‘घर’ म्हणजे एकाच चुलीवर शिजलेले खाणारी, एकत्र राहणारी माणसे. पहिला मसुदा ‘आपनार परिबारे साधारणत कयजन थाकेन?’ असा होतो. ‘परिबार’ या शब्दात नात्यातली माणसे येतात, त्यामुळे दुबईला गेलेला मुलगा किंवा त्याच वाडीत वेगळी चूल मांडलेला भाऊ उत्तरात मोजला जाण्याची शक्यता असते. शिवाय ग्रामीण बोलीत पुरुषाच्या तोंडी ‘परिबार’ म्हणजे बायकोही (जुन्या मराठीतल्या ‘कुटुंबा’सारखे). उलट भाषांतरकाराने प्रामाणिकपणे ‘फॅमिली’ लिहिले, तर मूळच्या ‘हाउसहोल्ड’शी तफावत लगेच दिसते. पण तो सर्वेक्षणांत मुरलेला असेल, तर सवयीने ‘हाउसहोल्ड’च लिहितो आणि दोन्ही पाठ तंतोतंत जुळतात. म्हणून भाषांतरकार विषयाशी अपरिचित असावा, असा आग्रह काही जण धरतात. दुरुस्त मसुद्यात बांगलादेशात जनगणनेने रूढ केलेला ‘खाना’ हा शब्द येतो. पश्चिम बंगालमध्ये तो या अर्थाने परका आहे, तेथे खाना म्हणजे खड्डा किंवा जेवण. म्हणून शब्दापेक्षा ‘एका चुलीवर जेवणारे’ ही व्याख्याच प्रश्नात घालणे बरे.

उलट चूकही होते, म्हणजे मसुदा बरोबर असताना तफावत दिसते. बाळाने आईच्या दुधाशिवाय काही ‘खाल्ले-प्यायले’ का, या प्रश्नात बंगाली ‘खाओया’ पुरते, कारण पाणी आणि दूधही बंगालीत ‘खाल्ले’ जाते. परतीच्या पाठात मात्र नुसते ‘खाल्ले’ दिसले, की तपासनीस पेये गळली म्हणून खूण करतो. त्यानंतर ‘पान करा’ असा जड शब्द घुसवला, तर चांगला प्रश्न बिघडतो. म्हणून तफावतीची यादी हा निकाल मानू नये. प्रत्येक नोंदीवर मूळ, बंगाली व परतीचा असे तीनही पाठ समोर ठेवून बंगालीभाषकाने निर्णय द्यावा.

वाक्प्रचारांच्या बाबतीत पद्धत सर्वांत दुबळी पडते. प्रसूत्युत्तर नैराश्यासाठीच्या एडिनबरो मापनश्रेणीत (१९८७) ‘गोष्टी माझ्या वर येत आहेत’ अशा शब्दशः अर्थाचे एक इंग्रजी वाक्य आहे. त्याचा भाव ‘सगळे झेपेनासे झाले’ असा. शब्दशः बंगाली केले, तर परत येताना मूळ वाक्य अक्षरशः उमटते आणि तपासणी यशस्वी ठरते. उत्तर देणाऱ्या बाईला मात्र काहीच कळत नाही. हा दोष फक्त उत्तरदात्यांना ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे विचारून घेतलेल्या पूर्वचाचणीत सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यपद्धतीत उलट भाषांतराला जोडून तज्ज्ञगट व अशी पूर्वचाचणी आहे. युरोपियन सोशल सर्व्हेने सर्वेक्षण-भाषांतराच्या अभ्यासक जॅनेट हार्कनेस यांच्या विचाराला अनुसरून समांतर मसुदे व समितीचे पुनरावलोकन पसंत केले. हा मार्ग खर्चिक आहे, पण बंगालीच्या बाबतीत तोच अधिक खात्रीचा वाटतो.

‘पानी’ व ‘जल’ दोन्ही इंग्रजीत एकच होतात, त्यामुळे ढाका व कोलकात्यासाठी पाठ वेगळा हवा, हे परतीच्या पाठातून कळत नाही. सिलेटी व चट्टग्रामी बोलींत प्रश्न बहुधा लिहिलेला नसतो. प्रमाण बंगाली मजकुरावरून मुलाखतकार तो जागेवरच बोलीत सांगतो आणि हे तोंडी भाषांतर उलट भाषांतराच्या टप्प्यात येतच नाही.