एकाच शाफ्टमध्ये एकावर एक तीन लिफ्ट

इमारत उंच होत जाते तशी माणसं वाढतात आणि त्यांच्यासाठी लिफ्टही वाढतात. पण वरच्या मजल्यांच्या लिफ्टचा शाफ्ट खालच्या प्रत्येक मजल्याला भोक पाडूनच वर जातो. त्यामुळे एका उंचीनंतर नवा मजला चढवला, की भाड्याने देता येणारी जागा फारशी वाढतच नाही.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या 110 मजली मनोऱ्यांत यावर काढलेला तोडगा मुंबईकराला पटकन कळेल. फास्ट गाडीने दादर गाठायचं, तिथून स्लो पकडायची. एक्सप्रेस लिफ्ट थेट 44व्या किंवा 78व्या मजल्यावरच्या ‘स्काय लॉबी’त थांबत आणि तिथून लोकल लिफ्ट सुटत. तळमजला आणि या दोन लॉबी अशा तिन्ही टप्प्यांच्या मिळून 72 लोकल लिफ्ट होत्या, पण त्यांना 24 शाफ्टच्या ओळी पुरल्या, कारण खालची लिफ्ट जिथे संपते तिथूनच वर दुसरी सुरू होते.

हिशेब करून पाहू. भिंतींसकट एका शाफ्टला साधारण साडेसहा चौरस मीटर धरले, तर उरलेले 48 शाफ्ट तळापर्यंत आणण्यात खालच्या टप्प्यात दर मजल्याला तीनशेच्या वर चौरस मीटर गेले असते. त्यातून एक्सप्रेस लिफ्टची जागा वजा होते हे खरं. पण एक्सप्रेस जिथे थांबत नाही तिथे तिला दारं नसतात, म्हणून तिच्यासमोर लॉबीही लागत नाही. मजला होता सुमारे 63 बाय 63 मीटर, लिफ्ट-जिन्यांचा मधला गाभा अंदाजे 41 बाय 26.5 मीटर, म्हणजे क्षेत्रफळाच्या जेमतेम 27 टक्के.

फुकट मात्र काही मिळत नाही. प्रत्येक लोकल लिफ्टच्या डोक्यावर मशीन रूम आणि पायाशी खड्डा हवाच. म्हणून दोन लिफ्टच्या मधले काही मजले वाया जातात. तिथे वातानुकूलनाची यंत्रं बसवली, की नुकसान बरंचसं भरून निघतं.

खरी गफलत जिन्यांत होते. जागा वाचवायची म्हणून तिन्ही जिने गाभ्यातच, जवळजवळ ठेवले होते. 2001 साली विमान आदळलं तेव्हा उत्तर मनोऱ्यात धडकेच्या जागी तिन्ही एकदम निकामी झाले आणि वरचं कुणीच वाचलं नाही. दक्षिण मनोऱ्यात एक जिना काही काळ चालण्याजोगा राहिला, आणि तोही लिफ्टमुळेच. 78व्या मजल्यापर्यंत येणाऱ्या एक्सप्रेस लिफ्टची अवजड यंत्रं 81व्या मजल्यावर होती. त्यांना वळसा घालण्यासाठी तो जिना गाभ्याच्या मधून कोपऱ्याकडे सरकवावा लागला होता. त्याने मोजकीच माणसं खाली उतरली, पण उतरली.

अमेरिकेच्या आदर्श बांधकाम संहितेत नंतर अशा इमारतींसाठी दोन जिन्यांत किमान 30 फूट किंवा मजल्याच्या कर्णाच्या चतुर्थांशाइतकं, यापैकी जे कमी असेल ते अंतर बंधनकारक झालं. एकमेकांत गुंफलेले दोन जिनेही तिथे एकच मोजले जातात. नकाशावर असे जिने फार देखणे आणि काटकसरी दिसतात. पण धूर एकात शिरला, की दुसऱ्याचा भरवसा उरत नाही.