दहशतवाद की सशस्त्र बंड? एलटीटीईचं १९९६ साल

१८ जुलै १९९६ रोजी स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईने श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मुल्लैतिवू इथल्या लष्करी तळावर हल्ला चढवला. तळ पडला, हजाराहून अधिक सैनिक मारले गेले, तोफाही संघटनेच्या हाती लागल्या. सहाच दिवसांनी, २४ जुलैला, कोलंबोजवळ देहिवला इथे संध्याकाळी घरी परतणाऱ्या नोकरदारांच्या लोकलमध्ये बॉम्ब फुटले आणि साठहून अधिक प्रवासी ठार झाले. त्याआधी ३१ जानेवारीला याच संघटनेने स्फोटकांनी भरलेला ट्रक कोलंबोतल्या सेंट्रल बँकेवर घातला होता. त्यात सुमारे ९० जण गेले.

बातम्यांत या तिन्ही घटनांना ‘दहशतवादी हल्ला’ म्हटलं गेलं. पण मुल्लैतिवूत सैन्याशी सैन्यासारखी लढाई झाली, तर देहिवल्यात मेलेल्या प्रवाशांशी संघटनेचं काही वैर नव्हतं. त्यांच्या मरणातून सरकारला आणि बाकी जनतेला निरोप द्यायचा होता. मारला जाणारा एक आणि ज्याला धाक घालायचा तो दुसरा, ही दहशतवादाची खूण बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पुढचं मात्र वादाचं आहे. ॲलेक्स श्मिड यांनी १९८०च्या दशकात शंभराहून अधिक व्याख्या गोळा केल्या होत्या. सरकारं दहशतवाद करतात की नाही, सुट्टीवरच्या सैनिकाला मारलं तर तो दहशतवाद का, यांवर एकमत आजही नाही.

सशस्त्र बंड म्हणजे सरकारची सत्ता हटवून तिथे आपली बसवण्यासाठी केलेला दीर्घ संघर्ष. त्यात गनिमी युद्ध असतं, कर असतो, न्यायनिवाडा असतो. एलटीटीईची स्वतःची न्यायालयं होती, पोलीस होते आणि समुद्रात लढणारं दलही होतं. म्हणजे दहशतवाद ही एक पद्धत झाली, आणि बंड हा अख्खा संघर्ष. बंडखोर ती पद्धत वापरतीलही किंवा टाळतीलही. उलट, पश्चिम जर्मनीतल्या रेड आर्मी फॅक्शनकडे एकही गाव नव्हतं, मूठभर माणसं आणि लपायची घरं होती. त्यांना ती पद्धत सोडून दुसरं काही शक्यच नव्हतं.

लुईस दे ला काये आणि इग्नासियो सांचेझ-क्वेंका हे दोन स्पॅनिश अभ्यासक नेमकं इथेच बोट ठेवतात. ते विचारतात, संघटनेच्या ताब्यात प्रदेश आहे का? प्रदेश असेल तर ती तळांवर चालून जाते, नसेल तर गुप्तपणे बॉम्ब पेरते. मला ही कसोटी व्याख्यांच्या काथ्याकुटापेक्षा उपयोगी वाटते. १९९६ साल तिच्यात बरंचसं बसतं: उत्तरेतल्या वन्नीच्या जंगलपट्ट्यात एलटीटीईची पकड होती, तिथल्या टापूत तिने लढाई केली, कोलंबोत पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे बॉम्ब ठेवले. पण पूर्वेकडच्या, तमिळ आणि सिंहली वस्तीच्या सीमेवरच्या गावांत संघटनेने प्रत्यक्ष जाऊन गावकऱ्यांची कत्तल केल्याच्या घटनाही आहेत, आणि त्या या चौकटीत नीट बसत नाहीत.

कारणांच्या वादातही हाच गोंधळ शिरतो. टेड गर यांनी १९७०मध्ये मांडलं की, आपल्याला जे मिळायला हवं असं वाटतं आणि जे मिळतं, यांतल्या दरीतून हिंसा उगवते. श्रीलंकेत ही दरी शोधावी लागत नाही: १९५६चा केवळ सिंहलीला राजभाषा करणारा कायदा, सत्तरच्या दशकातले विद्यापीठ प्रवेशाचे निकष, जुलै १९८३चं तमिळविरोधी हत्याकांड. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी २००३मध्ये यावर आक्षेप घेतला. गाऱ्हाणी जगभर आहेत, मग बंड मोजक्याच ठिकाणी का? त्यांच्या मते गरीब, दुबळं राज्य आणि दुर्गम डोंगराळ मुलूख असला की बंड टिकतं. त्यांच्या आकडेवारीत दरडोई उत्पन्न आणि यादवी युद्ध यांचा संबंध ठळक दिसतो.

त्याच वर्षी ॲलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोव्हा यांनी दाखवलं की लेबनॉनमधल्या हिज्बुल्लाह या सशस्त्र संघटनेचे मारले गेलेले लढवय्ये आसपासच्या लोकांपेक्षा जास्त गरीब किंवा कमी शिकलेले नव्हते. ‘गरिबीतून दहशतवाद येतो’ आणि ‘गरिबीचा संबंध नाही’ असं भांडण यावरून वर्षानुवर्षं चालतं. खरं तर एक अभ्यास देशांबद्दल आहे आणि दुसरा माणसांबद्दल. गरीब देशात बंड टिकू शकतं, आणि त्यातली निवडलेली माणसं सुशिक्षितही असू शकतात, कारण संघटना कामाची माणसं निवडून घेते.

रॉबर्ट पेप यांनी आत्मघाती हल्ल्यांचं मूळ धर्मात नसून परकी ताब्याविरुद्धच्या लढ्यात आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांचा मोठा पुरावा एलटीटीई होता, कारण ही संघटना धर्माच्या नावावर लढत नव्हती. टीकाकारांनी दोष दाखवला तो निवडीत: पेप यांनी फक्त आत्मघाती हल्ले झालेल्या मोहिमाच तपासल्या. परकी ताबा असूनही जिथे असे हल्ले झालेच नाहीत, ती ठिकाणं त्यांच्या यादीत आलीच नव्हती.